शब्द विसरले, चाल उरली: स्मृतिसभेतलं गाणं शोधायचं कसं?

श्रद्धांजली सभा संपते, लोक पांगतात, आणि सभेत वाजलेली एखादी चाल कुणाच्या तरी ओठांवर घरापर्यंत येते. शब्द आठवत नाहीत. कित्येकदा ते नसतातच, नुसतीच वाद्यं वाजलेली असतात. दुःखात असलेल्या घरच्यांना ‘ते गाणं कोणतं होतं हो?’ असं विचारायलाही जीभ रेटत नाही. मग मित्रांना गुणगुणून दाखवणं सुरू होतं. एक म्हणतो, भजन असेल. दुसरा म्हणतो, सिनेमातलं वाटतंय. तिसरा फोनवर ‘सॅड फ्ल्यूट म्युझिक’ असं टाइप करतो आणि समोर हजारो ध्वनिफिती येतात.

शोध इथेच अडतो, कारण ‘उदास’ हे वर्णन फार थोडं सांगतं. उलट कोणती वाद्यं होती, पहिली ओळ कशी चढली-उतरली आणि एका ओळीत किती स्वर होते, या तीन गोष्टी लक्षात असतील तर शब्दांवाचूनही गाण्याच्या नावापर्यंत जाता येतं. हे कसं होतं ते एका प्रत्यक्ष चालीवरून पाहू.

समजा, पुण्यातल्या एका चर्चच्या सभागृहात स्मृतिसभा होती. सुरुवातीला कुणी तरी ऑर्गनवर एक संथ चाल वाजवली, मग तीच चाल व्हायोलिनवर आली. चार ओळींचं कडवं, तेच दोन-तीनदा. कुणी गायलं नाही. ऐकणाऱ्याच्या लक्षात फक्त चाल राहिली.

उदासपणा बाजूला ठेवा

करुण चाल म्हणजे कोमल स्वरांची चाल, असं आपण गृहीत धरतो. त्यात तथ्य आहे. शोपाँच्या प्रसिद्ध ‘फ्यूनरल मार्च’मध्ये कोमल गंधार ठळकपणे ऐकू येतो, आणि आपल्याकडे शिवरंजनीसारख्या रागाची व्याकुळता बरीचशी त्याच स्वरावर उभी असते. पण हा नियम नव्हे. हॅन्डेलच्या ‘सॉल’ या 1739 च्या रचनेतला ‘डेड मार्च’ ब्रिटनमध्ये शासकीय अंत्ययात्रांत वाजत आला आहे, आणि तो चक्क शुद्ध स्वरांच्या, आनंदी मानल्या जाणाऱ्या सप्तकात बांधलेला आहे. भैरवीत तर रे, ग, ध, नी हे चारही स्वर कोमल, तरी ती मैफलीच्या शेवटी रसिकांना तृप्त करून घरी पाठवते.

चाल शोकाकुल वाटते ती बऱ्याचदा वाजवण्याच्या पद्धतीमुळे. संथ लय, खालची पट्टी, बेताचा आवाज, एकमेकांत मिसळणारे स्वर आणि लांबवलेले शेवट ही दुःखी माणसाच्या बोलण्याचीच लक्षणं आहेत. ती संगीतात आली की कान त्यांना शोक समजतो. म्हणून पहिली कृती अशी: आठवणारी चाल दुप्पट वेगानं गुणगुणून पाहायची. ती अजूनही उदास वाटली, तर उदासपणा स्वरांत आहे. ती एकदम साधी, चालण्याच्या ठेक्याची झाली, तर उदासपणा वाजवणाऱ्यानं आणलेला होता, आणि मूळ गाणं ‘दुःखी गाण्यां’च्या यादीत सापडण्याची शक्यता कमी.

पुण्याच्या सभेतली चाल दुप्पट वेगात गायली तर सरळ, प्रसन्न वाटते. तिच्या पहिल्या ओळीतले स्वर सगळे शुद्ध आहेत, आपल्या भाषेत बिलावल थाटाचे. म्हणजे शोध ‘करुण राग’ या दिशेनं नेला असता तर वाट चुकली असती.

वाद्य घराणं सांगतं

वाद्यावरून गाण्याचं नाव कळत नाही, पण ते कोणत्या परंपरेतलं आहे हे कळतं, आणि शोधाचं क्षेत्र एकदम लहान होतं. त्यासाठी वाद्य चांगलं वाजलं की वाईट हे पाहायचं नाही. त्या वाद्याला काय जमतं आणि काय जमत नाही, तिकडे कान द्यायचा.

सर्वांत सोपं उदाहरण बिगुलाचं. बिगुलाला ना भोकं, ना कळा. वाजवणारा फक्त ओठ आवळून-सैल करून स्वर बदलतो, आणि नळीत हवा ज्या ठरावीक पद्धतींनी कंप पावते तेवढेच स्वर निघतात. कामात येतात ते जेमतेम पाच: खालचा सा, प, वरचा सा, त्यावरचे ग आणि प. रे, म, ध, नी त्याच्या आवाक्यात नाहीत. त्यामुळे पोलिस किंवा सैन्याच्या मानवंदनेत एकटं पितळी वाद्य वाजलं आणि चाल सा-ग-प एवढ्यातच फिरली, तर भारतात ती बहुधा ‘लास्ट पोस्ट’ असते. अमेरिकी चित्रपटांत ऐकू येणारी 24 स्वरांची ‘टॅप्स’ वेगळी. ती त्याहून खूप आखूड आहे. मानवंदनेत वाजलेल्या चालीत रे किंवा म स्पष्ट ऐकू आला, तर वाद्य बिगूल नव्हतं, कळांचा ट्रम्पेट होता, आणि मग ते कोणतंही गाणं असू शकतं.

बॅगपाइपची खूण वेगळी. तिच्यात एक स्वर सतत खाली घुमत राहतो, आवाज लहान-मोठा होत नाही आणि दोन स्वरांमध्ये श्वासाइतकीही फट पडत नाही. बॅगपाइपवर वाजणारी शोकाची जगातली सर्वांत ओळखीची चाल ‘अमेझिंग ग्रेस’. तिचे स्वर सा, रे, ग, प, ध एवढेच, म्हणजे भूप रागाचे. मराठी कानाला ती पहिल्याच ऐकण्यात ओळखीची वाटते याचं कारण हेच.

हार्मोनियम आणि ऑर्गन यांत गल्लत होते, कारण दोन्हींत पितळी पट्ट्यांचा आवाज असू शकतो. संगीत नाटकांतली पायपेटी हे त्याचं उत्तम उदाहरण. फरक हातांचा आहे. हार्मोनियमचा भाता एका हातानं चालतो, त्यामुळे उरलेला हात सहसा एकच सुरावट वाजवतो. पायपेटीला किंवा ऑर्गनला दोन्ही हात मोकळे असतात, म्हणून चालीखाली तीन-चार स्वर एकत्र वाजत राहतात. सुरावटीबरोबर खालचा स्वरसमूहही बदलत असेल, तर चाल पाश्चात्त्य धाटणीची समजावी. एकेरी सुरावट, सोबत टाळ किंवा पखवाज असेल, तर भजन-अभंगाकडे वळावं.

सारंगी वाजली असेल तर मात्र आधी एक शंका घ्यायला हवी. मोठ्या नेत्याच्या निधनानंतर आकाशवाणी नेहमीचे कार्यक्रम थांबवून सारंगीवादन लावत असे, आणि पिढ्यान्‌पिढ्या श्रोत्यांच्या मनात सारंगी दुखवट्याशी जोडली गेली. पण त्यात बहुतेकदा रागाचे आलाप असत. त्याला गाणं नव्हतंच, मग ते सापडणार कुठून? ताल नाही, ओळ परत येत नाही, स्वर एकमेकांत घसरत जातात, अशी खूण दिसली तर गाण्याऐवजी राग आणि वादक शोधायचा.

पुण्याच्या सभेत ऑर्गनवर चालीखाली स्वरसमूह होते, ओळी नेमक्या परत येत होत्या. म्हणजे चाल चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनागीताची, इंग्रजीत ज्याला ‘हिम’ म्हणतात त्याची. हजारो गीतांतून आता एका कप्प्यापर्यंत आपण आलो.

चालीचा चढ-उतार लिहायचा

आता खरी चाल. इथे लोकांना वाटतं की आपल्याला सूर कळत नाही, म्हणून हे जमणार नाही. पण नेमका सूर लागतच नाही. चाल म्हणजे जिन्यासारखी असते. पहिल्या मजल्यावरून चढायला सुरुवात केली काय किंवा तिसऱ्या मजल्यावरून, पायऱ्यांची उंची तीच राहते. सभेत काळी पाचमध्ये वाजलेली चाल घरी काळी एकमध्ये गुणगुणली तरी ती तीच चाल असते.

त्याही पुढे एक सोपी पायरी आहे. डेनिस पार्सन्स यांनी 1975 मध्ये चालींचा एक कोश प्रसिद्ध केला. त्यात स्वरांची नावं नव्हतीच. प्रत्येक स्वर आधीच्या स्वरापेक्षा वर आहे, खाली आहे की तोच आहे, एवढंच त्यांनी नोंदवलं. वरसाठी U, खालीसाठी D, तोच असेल तर R, आणि पहिल्या स्वराच्या जागी तारा. स्वरलिपी न शिकलेल्या माणसालाही हे लिहिता येतं.

आपल्या चालीची पहिली ओळ सावकाश गुणगुणली तर दहा स्वर मिळतात. पहिले दोन एकाच उंचीवर, मग दोन पायऱ्या खाली, मग एक मोठी उडी वर, आणखी थोडं वर, एक पायरी खाली, तिथेच पुन्हा एकदा, आणि शेवटी दोन पायऱ्या खाली. नोंद अशी होते:

```
*RDDUUDRDD
```

नऊ हालचाली, प्रत्येकीच्या तीन शक्यता. कागदावर त्यांची 19,683 वेगवेगळी रूपं होतात. खऱ्या चाली एवढ्या समान पसरलेल्या नसतात, काही वळणं पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे एकाच नोंदीखाली दोन-चार चाली सापडू शकतात. पण दोन-चार तपासणं कुणालाही जमेल. म्युझिपीडियासारख्या संकेतस्थळावर अशी नोंद थेट टाइप करता येते.

सरगम येत असेल तर आणखी पक्कं काम होतं. आधी सा ठरवायचा. प्रार्थनागीताच्या शेवटच्या ओळीचा शेवटचा स्वर बहुधा सा असतो. तो धरून पहिल्या ओळीकडे आलं की स्वर मिळतात:

ग ग रे सा प, ध प प म ग

लय लांब-आखूड अशी लिहिली तर पहिला स्वर लांब, दोन आखूड, दोन लांब, चार आखूड आणि शेवटचा सर्वांत लांब. शोपाँच्या ‘फ्यूनरल मार्च’शी ही ओळ ताडून पाहा. तिथे सुरुवातीला सा हा एकच स्वर लांब-आखूड लयीत पुन्हा पुन्हा ठोकला जातो आणि मग चाल कोमल गंधाराला शिवून परत येते. दोन्ही सभेत तितक्याच गंभीर वाटतील, पण कागदावर त्यांची गल्लत होऊच शकत नाही.

दहा स्वर, चार ओळी

चर्चच्या गीतपुस्तकांत एक सोय असते जी बाहेरच्यांना क्वचितच माहीत असते. पुस्तकाच्या मागे वृत्तांची सूची दिलेली असते. गीताच्या प्रत्येक ओळीत किती अक्षरं आहेत ते आकड्यांत मांडून, त्या मापाच्या सगळ्या चाली एकत्र लावलेल्या असतात. शिवाय चालीला गीताहून वेगळं, स्वतःचं नाव असतं. एका अक्षराला साधारण एक स्वर असल्यामुळे ओळीतले स्वर मोजले की माप मिळतं.

‘अमेझिंग ग्रेस’चं माप 8.6.8.6. आपल्या चालीत मात्र प्रत्येक ओळीत दहा: 10.10.10.10. या मापाच्या चाली त्यामानानं थोड्या आहेत. त्यांतून पहिल्या दोन स्वरांवर एकाच उंचीवर थांबून पुढे दोन पायऱ्या उतरणारी चाल शोधली की बोट थांबतं ते ‘इव्हेंटाइड’ या नावावर. गीत: ‘अबाइड विथ मी’. शब्द हेन्री फ्रान्सिस लाइट यांचे, 1847 चे. चाल विल्यम हेन्री मंक यांची, 1861 ची.

मोजणीची ही युक्ती मराठी भजनालाही लागू होते. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक जुळलेलं. एवढं ओळखलं तर समोर अभंग आहे हे नक्की होतं. पण इथे एक मोठा फरक आहे: एकाच अभंगाला अनेक संगीतकारांनी आणि कीर्तनकारांनी वेगवेगळ्या चाली दिल्या आहेत. तिथे मापावरून रचनेचा प्रकार कळतो, नेमकं गीत कळत नाही. एखादा शब्द, निदान ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ ही नाममुद्रा तरी कानावर पडलेली असावी लागते.

खात्री कशी करायची

नाव मिळालं म्हणजे शोध संपला असं नाही. पहिली ओळ जुळणाऱ्या चाली पुढे वेगळ्या होतात, म्हणून दुसरी ओळ तपासायची. ‘इव्हेंटाइड’ची दुसरी ओळ तीन पायऱ्या चढते, तीन वेळा उतरते आणि पुन्हा तीन वेळा चढते. शेवटी पंचमावर जाताना ती शुद्ध मध्यमाऐवजी तीव्र मध्यम घेते. आतापर्यंत सगळे स्वर शुद्ध असताना तो एकच तीव्र म कानाला टोचतो. आठवणीतल्या चालीत दुसऱ्या ओळीच्या अखेरीला असा वर ओढणारा स्वर असेल, तर शंका उरत नाही.

नसेल, तर बहुधा दोनपैकी एक चूक झालेली असते. पहिली, ऐकणाऱ्यानं मुख्य चालीऐवजी दुसराच आवाज पकडलेला असतो. प्रार्थनागीतं चार आवाजांत लिहिलेली असतात आणि कान कधी कधी नकळत खालच्या आवाजाकडे जातो. ही चूक ओळखता येते: खालचा आवाज बराच वेळ एकाच स्वराभोवती रेंगाळतो किंवा मोठ्या उड्या मारतो, आणि एकटा गायला तर अपुरा वाटतो. दुसरी चूक म्हणजे दोन कडव्यांमधला वाद्यांचा तुकडाच चाल म्हणून लक्षात राहणं. प्रत्येक कडव्यात जे जसंच्या तसं परत येतं तीच चाल, बाकीची सजावट.

फोन कधी ओळखतो, कधी नाही

शझामसारखं ॲप चाल ऐकत नाही. ते ध्वनिमुद्रणातले सर्वांत ठळक ठिपके, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती कंपनसंख्या जोरात होती ते पकडतं, आणि त्या ठिपक्यांमधली अंतरं साठवलेल्या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहतं. सभेत लावलेली ध्वनिफीत असेल तर मागे कुजबुज चालू असतानाही ते नाव सांगतं. पण समोर बसून कुणी ऑर्गन वाजवला असेल तर ते अडतं, कारण ते नेमकं वादन कुठे साठवलेलंच नसतं. सभेत फोन बाहेर काढणं प्रशस्त वाटत नाही, हा भाग वेगळाच.

घरी येऊन गुणगुणायचं असेल तर गूगलची 2020 पासूनची सोय उपयोगी पडते. ती चालीचा चढ-उतारच शोधते, त्यामुळे पट्टी बदलली तरी चालतं. दहा-पंधरा सेकंद, शब्दांशिवाय, ओळीच्या सुरुवातीपासून गुणगुणावं. प्रसिद्ध चालींना ती चांगली ओळखते. गायकानं आलाप-तानांनी नटवलेल्या अभंगात मात्र गुणगुणणारा कोणता स्वर मुख्य धरतो यावर सगळं अवलंबून राहतं.

ही चाल आधी ऐकली होती का?

‘अबाइड विथ मी’ हे नाव कळल्यावर अनेक मराठी वाचकांना आठवेल की ही चाल दूरदर्शनवर ऐकलेली आहे. गांधीजींचं हे आवडतं गीत दरवर्षी 29 जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकातल्या ‘बीटिंग द रिट्रीट’ सोहळ्यात वाजत असे. सैन्याची बँडपथकं ती संथपणे वाजवत आणि दूरवर ठेवलेल्या नळीच्या घंटा तिला साथ देत. 2022 मध्ये ती कार्यक्रमातून वगळण्यात आली.

मग ती पुण्याच्या सभेत ऐकताना ओळखीची का वाटली नाही? कारण वाद्य बदललं होतं. घंटेचा स्वर वाजताक्षणी जोरात असतो आणि मग मंद होत विरतो. ऑर्गनचा स्वर पट्टी दाबलेली असेपर्यंत तसाच टिकतो. व्हायोलिनचा गज तर एकाच स्वराला मध्येच फुगवू शकतो. चाल तीच असली तरी प्रत्येक स्वराचा आकार बदलतो, आणि आपली स्मरणशक्ती चालीबरोबर तो आकारही जपून ठेवते. यामुळेच वाद्य आणि चाल वेगवेगळी नोंदवायची.

मराठी चर्चमध्ये याच शोधाला आणखी एक वळण लागतं. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकावरून होणाऱ्या उपासनेत पाश्चात्त्य चालींवर बसवलेली मराठी गीतं आहेत आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची देशी वळणाची भजनंही. पहिल्या प्रकारात चाल सापडते पण शब्द वेगळे निघतात. दुसऱ्या प्रकारात ऑर्गनऐवजी हार्मोनियम आणि तबला ऐकू येतो. पुण्याच्या सभेत शब्द गायले गेले असते आणि ते मराठी असते, तर ‘इव्हेंटाइड’ हे चालीचं नाव घेऊनच मराठी गीत शोधावं लागलं असतं.

थोडक्यात: पुढच्या वेळी काय टिपून ठेवाल?

* वाद्य: एकेरी सुरावट की खाली स्वरसमूह? स्वर टिकतो, विरतो की घसरतो? चाल फक्त सा-ग-प एवढ्यातच फिरते का?
* लय: दुप्पट वेगानं गुणगुणल्यावरही चाल उदास वाटते का?
* पहिली ओळ: प्रत्येक स्वर वर, खाली की तोच, हे U, D, R मध्ये.
* माप: एका ओळीत किती स्वर, कडव्यात किती ओळी.
* खूण: अनपेक्षित वाटलेला एखादा स्वर आणि तो कोणत्या ओळीच्या कोणत्या जागी आला.
* ध्वनिफीत असेल तर शझामसारखं ॲप. प्रत्यक्ष वादन असेल तर गुणगुणून शोध किंवा गीतपुस्तकातली वृत्तसूची.